‘हे नाटक आहे’ असे सांगण्याचे प्रयोजन

गेल्या काही वर्षांत आमच्याकडील वाङ्मयचर्चेत एक विशिष्ट प्रकारचा आनंद वरचेवर आढळू लागला आहे. एखाद्या कथेत लेखक मध्येच उभा राहून वाचकाशी बोलू लागला, कादंबरीतील पात्र आपल्या निर्मात्याविषयी तक्रार करू लागले, अथवा नाटकात दुसरे नाटक निघाले, की समीक्षक त्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, “पाहा, येथे कृती आपली घडण आपणच उघडी करीत आहे.” विल्यम गॅस या अमेरिकन लेखकाने १९७० साली अशा लेखनास ‘मेटाफिक्शन’ हे नाव दिले, आणि त्या नावाचा शिक्का एकदा मारला की आपले काम आटोपले अशी समीक्षकाची समजूत होते. वैद्याने नाडी धरावी, रोगाचे नाव उच्चारावे आणि औषध न देताच उठून जावे, तसला हा प्रकार आहे. घडण उघडी केली हे आम्हांस दिसले. पण ती का उघडी केली, ती झाकलेली राहती तर काय बिघडले असते, आणि उघडी झाल्याने कोणाची अडचण झाली, हे प्रश्न तसेच राहतात. आमच्या मते समीक्षेचा आरंभच मुळी तेथून व्हावयास हवा.

या विषयासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. मोरजीसारख्या पेडणे महालातील गावात, देवळाच्या मांडवात रात्री जो दशावतारी कालो होतो, त्यात ही उघड घडण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला खरा, परंतु तेरेखोलच्या पलीकडील वेंगुर्ले-सावंतवाडी मुलुखाशी असलेला त्याचा कालोत्सवाचा संबंध त्यामुळे तुटला नाही. पार्सेकर, मोचेमाडकर, खानोलकर, वालावलकर ही दशावतारी मंडळांची नावे आमच्या वाचकांस आप्तेष्टांच्या नावांइतकी परिचित आहेत.

कालो पाहणाऱ्यास तेथे काय काय उघडे दिसते, ते आठवावे. रंगमंचावर सामान म्हणजे बहुधा एक बाक. तोच सिंहासन होतो, तोच पर्वत, तोच शयनमंदिर. पेटी, मृदंग आणि झांज घेऊन बसलेली मंडळी सर्वांच्या समोर असतात, पडद्याआड नव्हे. पहिल्या भागास आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी पूजेला बसतो, सरस्वती येते, आणि मग वेद चोरणारा संकासुर अवतरतो. ऋद्धिसिद्धींच्या लुगड्यांत पुरुष आहेत हे तान्ह्या मुलासही ठाऊक असते. संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत हेच लोक आपापल्या तोंडास रंग लावीत बसले होते, हे गावाने डोळ्यांनी पाहिलेले असते. असे असूनही गणपती प्रवेश करताच मांडवातील म्हाताऱ्या हात जोडतात. पुढे मुख्य आख्यान लागते, त्याची संहिता कोठेही लिहिलेली नसते. कोणते आख्यान करावयाचे आणि कोणी कोणती भूमिका घ्यावयाची, हे मंडळी आपसांत ठरवितात, आणि संवाद रंगभूमीवरच जन्मास येतात. राजा आणि ऋषी यांची शाब्दिक चकमक कोठवर जाईल हे त्या दोघांसही आधी माहीत नसते. एखाद्याचा शब्द अडखळला, की गाणारा नाईक पद उचलतो आणि त्याला श्वास घेण्यास अवकाश देतो.

या ठिकाणी घडण उघडी ठेवण्याचे प्रयोजन अगदी सरळ आहे. संवाद आपल्यासमोर, याच क्षणी जुळविले जात आहेत हे प्रेक्षकास माहीत नसेल, तर त्या चकमकीतील अर्धी गोडी नाहीशी होईल. पाठ केलेले भाषण आणि सुचलेले भाषण यांत फरक आहे, आणि तो फरक कळावा म्हणून प्रेक्षकास आधीच करारात सामील करून घ्यावे लागते. आडदशावतार हा तो करार होय. भटजीच्या पूजेतील थट्टा, संकासुराचे मालवणीतील बोलणे, नाईकाशी चाललेला त्याचा वाद, यांतून प्रेक्षकास सांगितले जाते की येथे जे घडेल ते घडविले जात आहे, आणि तुम्हीही त्याचे साक्षी आहात.

संकासुराचे स्थान यात सर्वांत चमत्कारिक आहे. देव प्रौढ मराठीत बोलतात, राजे तर संस्कृतप्रचुर बोलतात. एकटा संकासुर आमच्या घरातली भाषा बोलतो. “वेद चोरलंय खरे, पण माका वाचूक खंय येतत!” असे काहीसे तो म्हणाला, की मांडव हसतो. तो कथेच्या आतही आहे आणि बाहेरही. तो वेद पळवितो हे पुराणातले, आणि गावच्या रस्त्यावरील खड्ड्यांविषयी बोलतो हे आजचे. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. आमच्याशी आमच्या भाषेत बोलणारा तेवढा मारला जातो, आणि मग प्रौढ भाषेतील आख्यान सुरू होते. यावर पुष्कळ लिहिता येईल, पण तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय त्या परवान्याचा आहे. ‘हे नाटक आहे’ असे एकदा सांगून टाकले, की बोलणाऱ्यास एक मोकळीक मिळते, आणि ऐकणाऱ्यासही मिळते. ती मोकळीक कशी वापरली जाते याचा एक प्रसंग आम्ही येथे सांगणार आहोत. तो आम्हांस फारसा भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी मोरजीच्या परिसरातील एका देवळात, जत्रेच्या रात्री, संकासुराने गावातील एका बाईविषयी दोन वाक्ये टाकली. नाव घेतले नाही. परंतु ती कोणत्या घरात राहते, तिच्याकडे कोण येतो, आणि ती गेल्या महिन्यात दवाखान्यात का गेली होती, हे तीन धागे दिल्यावर नावाची गरज उरत नाही. मांडव हसला. पुढल्या ओळीतील प्रतिष्ठित हसले. आम्हीही हसलो. ती बाई बायकांच्या बाजूस, खांबाजवळ बसली होती, हे आमच्या ध्यानात नंतर आले. ती त्या वेळी उठली नाही, कारण उठणे म्हणजे कबुली. आख्यान सुरू झाल्यावर केव्हातरी ती जागा रिकामी दिसली. पुढे ती देवळात येईनाशी झाली. कोणी विषय काढलाच तर उत्तर तयार होते: तो संकासुर, त्याचे काय मनावर घ्यावयाचे? नाटकातले बोलणे ते!

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. तो नट परगावचा होता. त्या बाईचे घर, दवाखाना, येणारा माणूस, यांतले काहीही त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना कोणीतरी त्याला ते पुरविले होते. गावातील ताज्या गोष्टी अशा रीतीने नटाच्या कानी घालणे हा तसा नित्याचा व्यवहार आहे. त्या रात्री बाक उघडा होता, मृदंग उघडा होता, लुगड्यांतले पुरुष उघडे होते. घडणीचा एवढाच भाग झाकलेला होता.

ज्यास आपण घडण उघडी करणे म्हणतो, ते नेहमीच खरे उघडे करणे असते काय, ही शंका आमच्या मनात त्या रात्रीपासून आहे. आणि तिचा विचार करताना आमच्या परंपरेतील एक थोर नाटक आणि आधुनिक मराठीतील एक नाटक अशी दोन पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतात.

पहिले भवभूतीचे ‘उत्तररामचरित’, आठव्या शतकातले. सीतात्यागाची कथा आमच्या वाचकांस सांगावयास नको. लोकापवाद उठला, रामाने गर्भवती सीतेचा त्याग केला, आणि वाल्मीकि-आश्रमात कुशलवांचा जन्म झाला. सातव्या अंकात भवभूती एक नाटकातील नाटक आणतो. गंगेच्या काठी वाल्मीकीने रचलेले रूपक अप्सरा करून दाखवितात आणि राम ते पाहावयास बसतो. रामापुढे रामाचेच चरित्र, तेही त्याच्या डोळ्यांआड घडलेला भाग! प्रसूतिवेदनांनी व्याकुळ झालेली सीता गंगेत उडी घेते. भागीरथी आणि पृथ्वी तिला दोन बालकांसह वर आणतात. राम भान विसरून तिच्याकडे धाव घेऊ पाहतो, आणि लक्ष्मण त्यास आठवण करून देतो की आर्य, हे नाटक आहे.

या स्थळाची नोंद पुष्कळ टीकाकारांनी घेतली आहे. गर्भांक म्हणून त्यास शास्त्रीय नावही आहे. परंतु गर्भांक म्हणून ओळखले म्हणजे ते कळले असे होत नाही. त्या रंगमंडपात कोण कोण बसले आहे, इकडे लक्ष द्यावे. लक्ष्मणाने तेथे देवादिकांबरोबर अयोध्येचे पौर आणि जानपदही बसविले आहेत. ज्यांच्या कुजबुजीमुळे सीता वनात गेली, तेच हे लोक. आपल्या बोलण्याचा परिणाम काय झाला, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते, कारण तो परिणाम अरण्यात आणि पाण्यात घडला. वाल्मीकीचे नाटक तो त्यांच्यापुढे आणून ठेवते. म्हणजे हे नाटक रामासाठी आहे तितकेच त्या नगरवासीयांसाठी आहे. आणि शेवटी अरुंधती खऱ्या सीतेस घेऊन येते, तिच्या स्पर्शाने मूर्च्छित राम शुद्धीवर येतो, तेव्हा अरुंधती त्या पौरजानपदांनाच उद्देशून विचारते, आणि ते सीतेस नमस्कार करतात. मूळ रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या उदरात जाते. भवभूतीने हा शेवट बदलला. तो बदल पटावा, नुसती गोड समाप्ती वाटू नये, म्हणून मधे एक नाटक असणे त्यास अपरिहार्य होते. दोषी माणसे न्यायासनासमोर आणता येत नव्हती, कारण न्यायासनावर राम स्वतःच होता. त्यांना प्रेक्षक म्हणून बसविता येत होते. तो गर्भांक काढून टाका, आणि सीता नुसती परत येऊ द्या. राम सुखी होईल, परंतु अयोध्या जशीच्या तशी राहील.

लक्ष्मणाच्या ‘हे नाटक आहे’ या शब्दांचा अर्थही येथे पाहण्यासारखा आहे. ते सांत्वन आहे. दुःख सहन होण्याच्या पलीकडे गेले तेव्हा धाकटा भाऊ थोरल्यास सावरतो आहे. आणि लगोलग भवभूती त्या सांत्वनावर मात करतो, कारण जे नाटक म्हणून पाहिले ते खरेच घडलेले होते, आणि सीता खरीच तेथे आहे. येथील खोटेपणाची कबुली सत्यापर्यंत जाण्याची पायरी ठरते.

हेच शब्द बाराशे वर्षांनी मुंबईच्या रंगभूमीवर पुन्हा आले तेव्हा त्यांचा अर्थ नेमका उलट झाला होता. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केले. त्यात लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. हे नाटक अनेकांनी पाहिले आहे, त्याहून अधिकांनी त्याविषयी ऐकले आहे, आणि त्याचे वर्णन बहुधा ‘स्त्रीवर झालेल्या अन्यायाचे नाटक’ असे एका ओळीत केले जाते. ते खोटे नाही. परंतु अन्यायाचे नाटक लिहावयाचे होते, तर तेंडुलकरांनी त्याभोवती एवढा खोटा खटला का रचला?

रचना कशी आहे ते पाहू. मुंबईची काही हौशी मंडळी एका खेड्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास आली आहेत. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालावयाचा आहे. एक नट आलेला नाही, म्हणून गावातील सामंत नावाच्या साध्या माणसास साक्षीदार करावयाचे ठरते. त्याने कोर्ट कधी पाहिलेले नाही. त्याला रीत समजावी आणि दुपारचा वेळही जावा, म्हणून तालीमवजा एक खेळ करावा असे निघते. आरोपी कोण? बेणारे. ती शाळेत शिक्षिका आहे, अविवाहित आहे, सगळ्यांत मोकळी हसते. आरोप कोणता? भ्रूणहत्येचा. हा आरोप कोणी नीट विचार करून ठेवीत नाही. तो थट्टेत पुढे येतो, आणि बेणारे दचकते. तेथून खेळ वेगळ्या दिशेस लागतो.

प्रत्येक पायरीवर ‘हा खेळ आहे’ याची आठवण दिली जाते, आणि प्रत्येक आठवणीनंतर प्रश्न अधिक खरा होतो. सुखात्मे हा वकिली न चाललेला वकील येथे मात्र सरकारी पक्षातर्फे तेजस्वी उलटतपासणी करतो. काशीकर न्यायाधीश होतात. पोंक्षे आणि रोकडे या दोघांस बेणारेने एकांतात सांगितलेल्या गोष्टी साक्षीच्या निमित्ताने चौकात येतात. जी गोष्ट मित्र म्हणून सांगणे लाजिरवाणे वाटले असते, ती साक्षीदार म्हणून सांगणे सोपे जाते.

सर्वांत विलक्षण आहे ती सामंताची साक्ष. या भोळ्या माणसाला काही माहीतच नाही, मग तो सांगणार काय? तो आपल्या हातातील एका कादंबरीच्या आधाराने साक्ष देतो. प्राध्यापक दामल्यांच्या खोलीशी मी गेलो, दार बंद होते, आतून एका स्त्रीचा आवाज ऐकू आला, असे तो त्या पुस्तकाच्या बळावर सांगतो. सर्वांस ठाऊक आहे की हे कल्पित आहे. आणि ते बेणारेच्या आयुष्याशी तंतोतंत जुळते. दामले त्या मंडळीत आहेत, आज आलेले नाहीत, आणि त्यांच्याशी तिचा काय संबंध होता ते या कल्पित साक्षीतून बाहेर पडते. भवभूतीकडे खरे नाटकाच्या वेषात आले होते. येथे पुस्तकातले निखळ खोटे खऱ्याच्या जागी जाऊन बसते, आणि कोणालाच त्याची चौकशी करावीशी वाटत नाही. सगळ्यांना जे ऐकावयाचे होते, तेच त्यात होते. अफवा अशीच चालते. सांगणाऱ्यास माहिती असण्याची गरज नसते, ऐकणाऱ्याची इच्छा तेवढी पुरते. बेणारेविरुद्धचा पुरावा एका कादंबरीतून आणून तेंडुलकरांनी अफवेची जी चिरफाड केली आहे, ती शंभर पानांच्या निबंधाने झाली नसती.

शेवटी शिक्षा सुनावली जाते. तिच्या उदरातील गर्भ नष्ट करावा असा निकाल होतो, आणि तो खेळातला निकाल असतो. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत होते, पण त्या वेळी बाकीची सारी पात्रे जागच्या जागी थिजलेली असतात. ती बोलते ते कोणासच ऐकू येत नाही, फक्त आम्हां प्रेक्षकांस येते. मग दारावर गावकरी येतात, प्रयोगाची वेळ झालेली असते. मंडळी भानावर येतात, कपडे सारखे करतात, आणि बेणारेस समजावू लागतात की हा खेळ होता, मनाला लावून घेऊ नये. ती तशीच पडून राहते. सामंत एक हिरवा कापडी पोपट आणून तिच्याजवळ ठेवतो.

लक्ष्मणाने सांत्वनासाठी उच्चारलेले शब्द येथे पळवाट झाले आहेत. आमच्या मते या नाटकाच्या रचनेचे प्रयोजन येथे आहे, आणि त्याखेरीज अन्यत्र नाही. समाज माणसास ठार करताना हातात शस्त्र घेतोच असे नाही. बहुधा तो थट्टा करीत असतो. ‘गमतीने म्हटले’, ‘खेळ होता’, ‘नाटकातले बोलणे’ या शब्दांच्या आड राहून तो निकाल देतो आणि निकालाची जबाबदारी मात्र घेत नाही. या पळवाटेवर बोट ठेवावयाचे, तर तीच पळवाट नाटकाचा सांगाडा व्हावयास हवी. खऱ्या कोर्टातील खरा खटला दाखविला असता, तर कायदा दोषी ठरला असता, न्यायाधीश दोषी ठरला असता. हसणारे सुटले असते. खोटा खटला असल्यामुळेच तेथे कायदा नाही, पोलीस नाहीत, हसणाऱ्यांखेरीज दुसरे कोणीच नाही. आणि त्या हसण्यात पहिल्या अंकातील आमचे हसणेही मिळालेले असते. आम्ही तिकीट काढून बसलो होतो, आणि सुखात्म्यांच्या कोट्यांवर हसलो होतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. बेणारेच्या स्वगतात नाटककार स्वतः तिच्या बाजूने बोलू लागतो, आणि खेळाची शिस्त तेवढ्यापुरती ढिली पडते, असे काहींचे म्हणणे आहे. आम्हांसही ते स्वगत लांबलेले वाटते. परंतु इतर पात्रे थिजलेली राहतात ही योजना त्या लांबीस सावरून धरते. तिचे बोलणे खटल्याच्या नोंदीत जात नाही, एवढी एक गोष्ट प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे सतत राहते.

या दोन उदाहरणांवरून आम्ही एक साधी कसोटी वापरू लागलो आहो. एखाद्या कृतीने आपली घडण उघडी केली, की तो उघडा भाग मनातल्या मनात झाकून पाहावा. लेखकाचा प्रवेश काढून टाकावा, नाटकातले नाटक काढावे, आणि उरलेली गोष्ट सलग सांगून पाहावी. त्यानंतर कोणी सुटले काय, हे विचारावे. भवभूतीचा गर्भांक काढला तर अयोध्यावासी सुटतात. तेंडुलकरांचा खेळ काढला तर हसणारे सुटतात. तेथे ती योजना प्रयोजनयुक्त आहे. अलीकडच्या पुष्कळ कथांत शेवटाजवळ लेखक येतो आणि म्हणतो की या कथेचा शेवट काय करावा हे मला सुचत नाही, पात्रे माझे ऐकत नाहीत, वाचकांनी ठरवावे. हे झाकून पाहिले तर कोणीही सुटत नाही. लेखक मात्र सुटतो, कारण शेवट लिहिण्याचे कष्ट वाचले. समीक्षक अशाही स्थळावर तोच शिक्का मारतो आणि तितक्याच आनंदाने मारतो, ही आमची मुख्य तक्रार आहे.

उलट दिशेची तक्रारही करावयास हवी. आजच्या दशावतारात ट्रिकसीनचा सोस वाढला आहे. धूर निघतो, दिवे रंग बदलतात, देव अकस्मात प्रकट होतो. लोकांना ते आवडते, आणि नटांनी पोटाकडे पाहू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? परंतु घडण जितकी झाकली जाईल, तितका तो प्रेक्षक-नटांतील करार क्षीण होतो. देव कसा आला या कुतूहलात, दोन नटांनी आपसांत शब्दाला शब्द कसा लावला हे ऐकण्याकडे कान राहत नाही. बाकाचा पर्वत करणाऱ्या प्रेक्षकास तयार पर्वत दिला, तर त्याचे काम कमी होते, आणि त्याच्या साक्षीपणासही फारसे काम उरत नाही.

आता तो प्रसंग पुरा करावयाचा आहे. वर सांगितलेल्या जत्रेच्या पुढच्या वर्षी, त्याच देवळात, निराळ्या मंडळाचा कालो होता. संकासुर करणारा नट वयस्क होता, आवाज बसलेला, चालीत थोडा लंगडा. आडदशावतार नेहमीप्रमाणे रंगला. वेद चोरून आणल्यावर तो नाईकासमोर आला आणि मालवणीत म्हणाला की आज मला फार सोयीचे झाले आहे, काय बोलायचे ते सुचावे लागले नाही, गावानेच सारे पुरविले. मग त्याने कमरेस हात घातला, घडी घातलेला कागद काढल्याचा अभिनय केला, आणि तो उघडून वाचल्यासारखे करीत पुढच्या ओळीकडे पाहिले.

“हेच्यात एका बायलमाणसाचा लिवला हा,” तो म्हणाला. “वाचतंय. पण आदी कोणी लिवन दिल्यान त्येचा नाव वाचूचा लागतला. वाचू?”

मांडवात काही क्षण मृदंगसुद्धा वाजला नाही. नाईकाने झांज हातात धरली होती ती तशीच राहिली. मागे कोणीतरी खोकला. हा कोरा कागदही नव्हता, रिकामी मूठ होती, हे दिव्याजवळ बसलेल्या आम्हांस दिसत होते, आणि तरीही आमच्या छातीत धडधडले, कारण आदल्या वर्षी आम्ही हसलो होतो. संकासुराने थोडा वेळ तसाच जाऊ दिला. मग त्याने ती रिकामी मूठ तोंडात कोंबली, चावून गिळल्याचे दाखविले, ढेकर दिली, आणि म्हणाला, “वेदांपेक्षा जड हा ह्यां.” तेव्हा कोठे लोक हसले, पण ते हसणे निराळे होते. विष्णू आला आणि नेहमीप्रमाणे त्याचा वध झाला.

प्रयोगानंतर, दहीहंडी फुटून उजाडू लागले तेव्हा, आम्ही त्या नटास अग्रशाळेत गाठले. तो तोंडावरचा काळा रंग खोबरेल तेलाने काढीत होता. खरोखर कोणी काही सांगितले होते काय, असे विचारता तो म्हणाला की प्रत्येक गावात सांगतात, येथेही दोघांनी सांगितले. मग ते का वापरले नाही? यावर त्याने उत्तर दिले नाही. रंगाचा बोळा बाजूस ठेवून, ट्रंकेचे झाकण लावण्यास जरा हात द्या, एवढेच तो म्हणाला.